मावशीचं ‘धन्यवाद’ आणि भुट्ट्याचा कीस

आमची मावशी इंदूरच्या राजेंद्र नगरला राहते, वय अडुसष्ट, फेसबुकवर मात्र माझ्यापेक्षा जास्त ॲक्टिव्ह. मागच्या पावसाळ्यात तिने इंदूरच्या मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर भुट्ट्याच्या किसाचा, म्हणजे मक्याचं कणीस किसून दुधात शिजवतात त्याचा, फोटो टाकला, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड, आणि लिहिलं, “पहिला पाऊस, पहिला कीस.” तासाभरात वीसेक कमेंट आले. मावशी खूश. रात्री दहाला चष्मा लावून बसली आणि एकेकाला उत्तर द्यायला लागली, धन्यवाद, धन्यवाद ताई, धन्यवाद आणि हात जोडलेले, पुन्हा धन्यवाद. पंधरा मिनिटांत सगळ्यांना उत्तर देऊन झालं आणि सकाळी बघते तर एक नवीन कमेंट नाही. मला फोन करून म्हणाली, अरे मी तर एकालाही सोडलं नाही, मग सगळे गप्प का झाले?

मी तिला म्हटलं, मावशी, गप्प तूच केलंस त्यांना. ती चिडली. पण मग मी तिच्याकडे जाऊन तोच धागा तिच्यासोबत बसून परत वाचला, त्या दिवशी जे बोललो तेच इथे लिहून राहिलोय, कारण हा घोळ फक्त मावशीचा नाहीये, जो जो पोस्ट टाकतो तो हेच करतो.

आधी हे बघा की ‘धन्यवाद’ नक्की काय करतो. आपण फोनवर बोलतो तेव्हा फोन असा धाडकन ठेवत नाही ना कोणी. आधी एक “बरं…” येतं, मग “चल मग”, मग “ठेवू का?”, मग समोरचा म्हणतो “हो हो ठेव”, आणि तरी दोन वाक्यं अजून होतात. एमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1973 मध्ये एक लेख लिहिला, सगळा याच प्रश्नावर, की लोक बोलणं संपवतात कसं. टेलिफोनवरचे खरेखुरे संवाद टेप करून, उतरवून, त्यांनी दाखवलं की शेवट आपोआप होत नाही, दोघं मिळून तो आणतात, आणि त्याची सुरुवात ‘बरं’, ‘ओके’ अशा रिकाम्या शब्दांनी होते. असा शब्द म्हणजे समोरच्याला दिलेली खूण, की माझ्याकडे आता बोलायला काही उरलं नाही, तुझ्याकडे असेल तर आत्ताच काढ.

शेग्लॉफने पुढे अजून एक गोष्ट मांडली. बोलणं बहुतेक जोडीजोडीने चालतं. प्रश्न आला की उत्तर येतं, कौतुक केलं की त्याचा स्वीकार होतो, चहा विचारला की हो-नाही होतं. आणि जोडी पूर्ण झाली की बऱ्याचदा एक छोटा तिसरा तुकडा येतो, “अच्छा”, “बरं झालं”, “थँक्यू”, आणि तो तुकडा त्या विषयावर झाकण ठेवतो. आता मावशीच्या पोस्टवर बघा. एक काकू लिहितात “वा, तोंडाला पाणी सुटलं”, मावशी लिहिते “धन्यवाद”. झाली जोडी पूर्ण. काकूंनी यापुढे काय लिहायचं? “वेलकम”? कोणी लिहित नाही, आणि समजा लिहिलं तर मग मावशीने काय लिहायचं?

मी तिला हळदीकुंकवाचं उदाहरण दिलं, ते तिला लगेच पटलं. दारात आलेल्या बाईला हळदीकुंकू लावलं, वाण हातात दिलं, की ती उठते. उठायलाच पाहिजे, कारण कार्यक्रम झाला तिचा. तिला बसवायचं असेल तर वाण द्यायच्या आधी काहीतरी विचारावं लागतं, तुमच्या सुनेचं बाळंतपण झालं ना हो, कुठे केलं? तू दारातच सगळ्यांना वाण वाटत सुटलीस, मी म्हटलं. एकशे एक टक्के शिस्तीत. वर झटपट.

मग आम्ही एकेक कमेंट काढला.

पहिले चार-पाच होते नुसते “मस्त”, “वाह”, “यम्मी”, आणि अंगठे. यांचं काय करायचं, तर काही नाही. एक हार्ट दाबायचं आणि पुढे जायचं. ज्याने एका शब्दाचा खर्च केलाय त्याच्याकडून संवाद उकरायला जाऊ नये, “मस्त” म्हणणाऱ्याला “तुम्हाला यात काय आवडलं?” असं विचारलं तर तो बिचारा परीक्षेला बसल्यासारखा होतो. हे मी आधी सांगतोय कारण मावशीने लगेच उत्साहात सगळ्यांना प्रश्न विचारायचा बेत केला होता. वीस कमेंटमधे पाच-सहाच असे असतात ज्यात पकडायला काहीतरी असतं, म्हणजे एखादी वस्तू, एखादा माणूस, एखादी वेगळी पद्धत. लक्ष तिथे द्यायचं.

असा एक होता: “माझ्या सासूबाई लोखंडी कढईत करायच्या, ती कढई अजून आहे माझ्याकडे.” मावशीने लिहिलेलं, “अरे वा, धन्यवाद.” मी विचारलं, आता परत लिहायचं तर काय लिहिशील? ती म्हणाली, “लिहीन की माझ्याकडे पण आईची कढई आहे, पितळी, कल्हई केलेली, तिच्यात तर आम्ही…” आणि ती सुरू झाली. हाच दुसरा घोळ. चार्ल्स डर्बर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये उत्तरांचे असे दोन प्रकार केले, एक जे रोख आपल्याकडे वळवतं आणि एक जे समोरच्याकडेच ठेवतं. “माझ्याकडे पण आहे” हे वळवणारं उत्तर. त्यात वाईट काही नाही, आपण सगळे प्रेमानेच करतो, पण ती बाई सासूबाईंची कढई घेऊन आली होती आणि आपण तिच्यापुढे आपली पितळी कढई मांडून बसलो. ती काय करेल, “छान” म्हणेल आणि निघेल.

बरं, नुसता प्रश्न पण कोरडा होतो, पोलीस चौकीसारखा. मग मधला रस्ता असा की आपलं थोडं द्यायचं, पण ते अडलेलं द्यायचं, मिरवायचं नाही. शेवटी मावशीने लिहिलं, “लोखंडी कढईत खाली लागत नाही का हो? माझा तर दूध घातल्यावर बुडाशी धरतोच, मग मी खरवडत बसते.” यात बघा काय झालं. तिचीच कढई धरली, आपली अडचण सांगितली, आणि असा प्रश्न टाकला ज्याचं उत्तर त्या पोस्टवर फक्त तीच देऊ शकते. अर्ध्या तासात तिचं उत्तर, चांगलं पाच ओळींचं, की आधी कढई चांगली तापवायची, तूप हात सैल सोडून घालायचं, कीस नीट परतून रंग बदलला की मगच दूध, आणि ते पण गरम, आणि एकदम नाही, थोडं थोडं. सासूबाई म्हणायच्या घाई केली की किसाची खीर होते. खाली लगेच तिसरीच एक बाई आली, “गरम दूध!! मी आजपर्यंत फ्रीजमधलं घालत होते.” मावशीने काही न करता.

ही तिसरी बाई येते तेव्हा खरं जमलं समजा. कारण तोपर्यंत पोस्टवाला हा पोस्टमन असतो, प्रत्येकाचं बोलणं त्याच्याशी, एकमेकांशी कोणाचं नाही, आणि पोस्टमन झोपला की डाक बंद. लोक एकमेकांशी बोलायला लागले की पोस्टवाला झोपला तरी चालतं. आणि हे थोडं मुद्दाम पण घडवता येतं. एका दादांनी लिहिलं होतं, “घरी सराफ्यासारखा का होत नाही कळत नाही.” (सराफा ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले, कीस तिथे रात्री मिळतो.) मावशीला उत्तर येत नव्हतं. मग तिने तेच लिहिलं, “मला पण कळत नाही खरं सांगू तर. वर त्या लोखंडी कढईवाल्या ताई आहेत ना, त्यांना माहीत असेल,” आणि त्या ताईंचं नाव टॅग केलं. हे असं माणसाला माणूस जोडून देणं मावशीला छान जमतं, लग्नं जमवलीयेत तिने. उत्तर माहीत नसणं इथे उलट कामाला येतं, सगळं तुम्हालाच माहीत असेल तर बाकीच्यांनी करायचं काय?

आता ज्याचं उत्तर आपल्याला येतं त्याचं बघू. एकाने पुण्याहून विचारलं होतं, “देसी भुट्टा की अमेरिकन?” मावशीचं उत्तर, “देसी.” बरोबर उत्तर, पूर्ण उत्तर, आणि संपलं. दुसऱ्या वेळी असं लिहिलं, “देसीच. अमेरिकन कोवळा आणि गोड असतो, कीस चिकट होतो आणि मिरचीला पण दाद देत नाही. पण पुण्यात देसी मिळतो का सहज, की मंडईत जाऊन शोधावा लागतो?” म्हणजे उत्तर द्यायचंच, कंजूषपणा करायचा नाही, उत्तर अडवून ठेवून “तुम्हाला काय वाटतं?” असं उलटं विचारणारे लोक फार डोकं खातात. उत्तर दिल्यावर वर एक टोक मोकळं सोडायचं जे त्याच्या गावाचं, त्याच्या घराचं असेल. पुण्यातला माणूस पुण्याबद्दल बोलायला केव्हाही तयार असतो, हे काय सांगायला पाहिजे.

प्रश्नाचा आकार पण महत्त्वाचा. चांगला प्रश्न असा असावा की भाजीच्या रांगेत उभं राहून एका ओळीत उत्तर देता यावं. “इंदूरच्या खाद्यसंस्कृतीबद्दल तुमच्या आठवणी सांगा” असं विचारलं की माणूस मनात म्हणतो निवांत लिहू, आणि तो निवांत कधी येत नाही. एका वेळी एकच प्रश्न. दोन विचारले तर लोक सोप्याचं उत्तर देतात आणि तुम्हाला जे खरं हवं असतं ते राहून जातं. आणि ‘का’ जरा जपून. एकीने लिहिलं होतं, आम्ही दूध नाही घालत. तिला “दूध का नाही घालत?” विचारलं तर ऐकू काय येतं, की चुकताय तुम्ही. त्याऐवजी “मग मऊ कसा होतो, पाण्याचा हबका मारता का?” हे विचारलं की तीच बाई आनंदाने सांगते, झाकण ठेवून वाफ काढतो, लिंबू उतरवल्यावर. मतभेद तोच, फक्त दार वेगळं.

एक गंमत सांगतो यावरून. अमेरिकेत 2007 मध्ये जॉन हेरिटेज, जेफ्री रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला, डॉक्टरांवर. वीस फॅमिली डॉक्टर होते. काहींना सांगितलं की पेशंटची मुख्य तक्रार ऐकून झाली की त्याला “एनिथिंग एल्स” असं विचारा, काहींना सांगितलं “समथिंग एल्स” असं विचारा. बाकी वाक्य तेच. पेशंटने आधीच कागदावर लिहून दिलेलं होतं की मी कायकाय तक्रारी घेऊन आलोय, त्यामुळे नंतर मोजता आलं की कोणती बोलायची राहिली. ‘समथिंग’वाल्या गटात न बोललेल्या तक्रारी 78 टक्क्यांनी कमी झाल्या, ‘एनिथिंग’ने मात्र धड फरकच पडला नाही. कारण ‘एनिथिंग’ हा शब्दच ‘नाही’ या उत्तराकडे झुकलेला आहे.

हे इंग्रजीतलं झालं, मराठीत कोणी असं मोजल्याचं मला माहीत असतं तर सांगितलं असतं, पण आपल्याकडे ‘अजून काही?’ आणि ‘अजून काय?’ असे दोन आहेतच की. नमकीनच्या दुकानात काउंटरवरचा माणूस “और कुछ?” म्हणतो तेव्हा आपण नाही म्हणून पैसे काढतो. आणि तोच पुडी बांधता बांधता “और क्या दूँ भिया?” म्हणतो तेव्हा आपण उगाच दोनशे ग्राम लौंग सेव घेतो. कमेंटखाली पण “अजून काही टिप्स असतील तर सांगा” लिहिलं की लोक अंगठा देतात, “अजून काय घालता तुम्ही, बडीशेप वगैरे?” लिहिलं की लोक वाद घालायला धावत येतात, कारण बडीशेप पोह्यात जाते किसात नाही, आणि ही चूक कोणी सहन करत नाही इंदुरात. (मुद्दाम चुकीचं लिहिणं मात्र एकदाच चालतं, लोक ओळखतात.)

थोडं टेक्निकल. फेसबुकवर उत्तर त्या माणसाच्या कमेंटखालच्या रिप्लायमधूनच द्या, खालच्या मोठ्या डब्यात नवीन कमेंट म्हणून टाकलं की ते सुटं पडतं, कोणाला दिलं ते कळत नाही, मावशीची निम्मी उत्तरं अशीच भरकटलेली होती. आणि सगळी उत्तरं एका बैठकीत उरकू नका. प्रत्येक उत्तराने कोणाला तरी नोटिफिकेशन जातं, तो माणूस परत येतो, आल्यावर बाकीचं पण वाचतो. वीस उत्तरं रात्री दहाला दिली की वीस जण झोपेत. चार दुपारी, चार संध्याकाळी, दोन दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या वेळी, असं केलं तर धागा दोन दिवस हलता राहतो. फेसबुकने 2018 च्या जानेवारीत स्वतःच जाहीर केलं होतं की ज्या पोस्टखाली लोकांची आपसात देवाणघेवाण होते ती फीडमधे जास्त दाखवू. पण त्याच्या महिनाभर आधी, 2017 च्या डिसेंबरमधे, हे पण जाहीर केलं की “हो वाटत असेल तर हो लिहा”, “पाच मित्रांना टॅग करा” असली भीक मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलू. म्हणजे आकडा वाढवायला लोकांना ‘हो’ लिहायला लावाल तर उलटं पडेल.

कधी थांबायचं, ते पण कळतं. उत्तरं आखूड व्हायला लागतात, पाच ओळींची दोन होतात, दोनाचा “हो ना” होतो, मग नुसता हसरा चेहरा. किंवा फिरून फिरून तेच दोघं बोलत असतात आणि बाकी सगळे गेलेले असतात. तिथे मग ते ‘धन्यवाद’ टाकायचं, तेव्हाच तर ते कामाचं. मावशीच्या पोस्टवर उज्जैनचा एक आणि इंदूरचा एक असे दोघं कोणाचा कीस चांगला यावर भिडले होते, पहिले आठ-दहा कमेंट मजा आली, नंतर एकमेकांच्या शहराचे रस्ते, पाणी आणि खानदान निघालं. मावशीने लिहिलं “दोघं या घरी, दोघांना खायला घालते, मग ठरवा,” आणि तिसऱ्याच कोणालातरी लिंबाबद्दल विचारून विषय बदलला. झाकण कुठे ठेवायचं ते तिला मुळात येतंच, फक्त ती ते सगळीकडे ठेवत होती.

एक कमेंट आम्ही शेवटाला ठेवला होता. एका मुलीने लिहिलं होतं, “आई करायची. मागच्या वर्षी गेली. परत खाल्ला नाही.” मावशीने त्याला पण धन्यवाद आणि हात जोडलेले दिले होते, घाईत, न वाचता, आणि मी दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, आता काय लिहू? इथे मला पण नीट सुचेना. वाईट वाटलं, देव त्यांच्या आत्म्याला वगैरे लिहिलं तर ते पण झाकणच, ती मुलगी “हो काकू” म्हणून संपवेल. आणि काय झालं होतं, कधी गेल्या, हे विचारणं म्हणजे चारचौघात जखम उघडणं. बराच वेळ मावशी फोन हातात धरून बसली, मग हळूहळू टाइप केलं, “मघाशी न वाचताच उत्तर दिलं गं, माफ कर. आई तिखट करायची की गोडसर?” आणि फोन उलटा ठेवून दिला. मी म्हटलं, उत्तर नाही आलं तर नाही आलं, मागे लागायचं नाही.

तीन दिवसांनी आलं. “तिखट. बाबांना ठसका लागायचा तरी तिखटच. मिरची वाटून नाही, ठेचून घालायची.” मावशीने मला फोन केला आणि म्हणाली, मी पण उद्या ठेचूनच घालते, तू ये जेवायला, आणि येताना बाजारातून चार देसी भुट्टे घेऊन ये, कोवळे नको, दाणा नखाने दाबून दूध निघेल असे बघून घे.